विश्लेषण : भिंतीमागे तुंबलेले पाणी भिंतीला नेमके कुठे ढकलते?

२०१९ च्या पावसाळ्यात पुण्यातील कोंढवा आणि मुंबईतील मालाड येथे अवघ्या काही दिवसांच्या अंतराने भिंती कोसळून अनेकांचे जीव गेले. प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगळी तपासावी लागतात. पण भिंतीमागे पाणी साठले, तर ती उभी राहील की उलथेल, हे पाहण्याचा पहिला हिशेब मात्र सगळीकडे एकच असतो. तो वहीच्या एका पानावर मावतो.

दाब त्रिकोणी का?

समजा, दोन मीटर उंच भिंतीच्या एका बाजूला काठोकाठ पाणी साठले आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी दाब शून्य असतो आणि खोलीबरोबर तो सारख्या प्रमाणात वाढत जातो. एक मीटर खोलीवर चौरस मीटरला एक टन, तळाशी दोन टन. हा दाब कागदावर काढला की वर टोक आणि खाली पाया असलेला त्रिकोण तयार होतो. भिंतीच्या एक मीटर लांबीपुरते पाहिले तर एकूण भार म्हणजे या त्रिकोणाचे क्षेत्रफळ : अर्धा गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे दोन टन.

आता प्रश्न असा की, या पसरलेल्या दाबाऐवजी दोन टनांचा एकच धक्का दाखवायचा, तर तो कोणत्या उंचीवर?

अनेक जण चटकन ‘मधोमध’ म्हणतात. तसे नाही, कारण खालचा दाब जास्त आहे. पाण्याचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे चार थर करून पाहा. वरून खाली त्यांचे धक्के अंदाजे १२५, ३७५, ६२५ आणि ८७५ किलो येतात. प्रत्येक धक्क्याला त्या थराच्या मध्याच्या तळापासूनच्या उंचीने गुणले, बेरीज केली आणि एकूण दोन हजार किलोंनी भागले की उत्तर येते ६९ सेंटिमीटर. थर जितके पातळ करावेत तितके उत्तर ६७ सेंटिमीटरकडे, म्हणजे उंचीच्या एक तृतीयांशाकडे सरकते. शाळेच्या भूमितीतला मध्यगासंपात आठवतो का? मध्यगेचे २:१ असे भाग करणारा तोच हा बिंदू. मात्र एक तृतीयांश मोजायचे ते त्रिकोणाच्या रुंद बाजूकडून. उलट्या टोकाकडून मोजले तर उंची, आणि तिच्याबरोबर उलथवणारा जोर, दुप्पट दिसतो.

भिंत टिकेल का?

दोन टन गुणिले ०.६७ मीटर म्हणजे सुमारे १.३३ टन-मीटर. भिंतीला तिच्या पुढच्या खालच्या कडेभोवती उलथवणारा हा जोर. इंजिनीअर त्याला ‘मोमेंट’ म्हणतात. त्याला विरोध करते ते भिंतीचे वजन. भिंत ६० सेंटिमीटर जाडीची दगडी असेल आणि घनमीटरला २.४ टन वजन धरले, तर एक मीटर लांबीचे वजन २.८८ टन होते. ते जाडीच्या मध्यातून, म्हणजे कडेपासून ३० सेंटिमीटरवरून खाली काम करते. विरोध भरतो फक्त ०.८६ टन-मीटर. ही भिंत उलथणार.

आता पाणी एकच मीटर असेल तर? भार अर्धा टन, उंची ३३ सेंटिमीटर, जोर केवळ ०.१७ टन-मीटर. पाण्याची उंची निम्मी झाली आणि उलथवणारा जोर आठपट घटला, कारण भार चौपट कमी झाला आणि त्याची उंचीही अर्धी झाली. भिंतीच्या खालच्या भागात पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके, म्हणजे ‘वीप होल’, चिखलाने बुजू देऊ नयेत ती यासाठीच. या भिंतीचा तोल सुमारे १.७३ मीटर पाण्याला जातो. दीडपट सुरक्षितता हवी असेल, तर मर्यादा दीड मीटरच. मागे मातीही असेल तर तिचा रेटा यात वेगळा मिळवावा लागतो.

हा एक धक्का कुठे चालत नाही?

भिंत अख्खी उलथेल का, घसरेल का, पायावर किती भार येईल, एवढ्यापुरताच हा अदलाबदलीचा हिशेब खरा. भिंतीच्या अंगात काय चालले आहे, ते तो सांगत नाही. समजा भिंत आरसीसीची आहे आणि तिच्या निम्म्या उंचीवर किती सळई लागेल ते काढायचे आहे. सगळा भार ६७ सेंटिमीटरवर एकवटला असे धरले, तर एक मीटर उंचीवर भिंतीला काहीच ताण नाही असे उत्तर येईल. प्रत्यक्षात त्या छेदाच्या वर एक मीटर पाणी आहे आणि ते तिथे ०.१७ टन-मीटर इतकी वाक आणते. म्हणून आधी छेद घ्यायचा, मग फक्त त्याच्या वरचा छोटा त्रिकोण धरायचा आणि त्याचा भार त्याच्याच एक तृतीयांश उंचीवर ठेवायचा. छेद बदलला की त्रिकोण नव्याने काढावा लागतो.