एकच प्रश्न, प्रत्येकाचा पत्ता वेगळा

संगणक नेटवर्किंगच्या परीक्षेत शेजारी बसलेल्या दोघांचा प्रश्न एकच असतो, आकडे मात्र निराळे. एकीला `192.168.10.77/27` हा पत्ता मिळतो, दुसऱ्याला `192.168.10.77/28`. दोघांनीही आपापल्या सबनेटचा पहिला आणि शेवटचा पत्ता शोधायचा.

आयपी पत्ता ३२ बिटांचा. `/27` म्हणजे पहिले २७ बिट नेटवर्कचे. उरलेल्या ५ बिटांत ३२ पत्ते मावतात. म्हणून गट ०, ३२, ६४, ९६ असे सुरू होतात. ७७ हा आकडा ६४ ते ९५ या गटात येतो. नेटवर्कचा पत्ता `192.168.10.64`, ब्रॉडकास्टचा `192.168.10.95`. हे दोन्ही यंत्रांना देता येत नाहीत, म्हणून यंत्रांसाठी ३० उरतात.

`/28` मध्ये गट १६ चा. नेटवर्कचा पत्ता पुन्हा `192.168.10.64`च, पण ब्रॉडकास्ट `192.168.10.79`. शेजाऱ्याच्या वहीतले ९५ उतरवले, की चूक लगेच दिसते.

आकडे बदलताना काठिण्य मात्र सारखे राहायला हवे. कुणाला `172.16.77.130/20` दिला, तर गट तिसऱ्या आकड्यात पडतात आणि उत्तर `172.16.64.0` ते `172.16.79.255` असे पसरते. हे गणित अधिक अवघड आहे. एकाच परीक्षेत `/27` आणि `/20` वाटणे अन्यायाचे ठरते.