पारी फाटते तेव्हा

"आजी, कडेला चिरा पडतायत गं!" नातीनं पारी पुढे केली.

आजीनं उकडीला बोट लावलं. "गार झालीय. म्हणून फाटते."

पिठी आंबेमोहोराची होती. वाटीभर पिठीला वाटीभर उकळतं पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, सगळं बरोबर. चुकलं होतं ते मळण्यात. आजीनं उकडीवर पाण्याचा हबका मारला, झाकून दोन मिनिटं वाफ दिली आणि चटका सोसत, तेल-पाण्याच्या हातानं गुळगुळीत होईस्तोवर मळली. गोळी दाबून पाहिली, तर कड अखंड.

या वेळी कळ्या अकरा आल्या. (साचेवाल्यांना ही मोजदाद कुठली!) मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवले. दहा मिनिटांनी झाकण उघडलं.

"चकाकतायत!"

"ओल्या बोटाला चिकटत नाहीत ना? मग उतरव."