'गॅस संपला' म्हणण्याआधी

मे महिन्यात एरंडोलचा पारा बेचाळिशी ओलांडतो, फ्रिजमधलं दूध नासतं आणि 'गॅस संपला' असं घरोघरी ठरतं. पुष्कळदा गॅस शाबूत असतो.

फ्रिज थंडी बनवत नाही. आतली उष्णता मागच्या काळ्या जाळीतून (कंडेन्सर) खोलीत सोडतो. जाळीवर धूळ साचली, फ्रिज भिंतीला चिकटला, की तिला भर उन्हात घोंगडी पांघरल्यासारखं होतं. मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. समजा, १०० वॅटचा कॉम्प्रेसर दिवसाला १० तासांऐवजी १६ तास चालला, तर महिन्याला १८ युनिट जास्त.

कॉम्प्रेसर चालू असताना जाळी फार तापली, तर धूळ किंवा जागा बघावी; गारच राहिली, तर गॅसगळतीची शंका घ्यावी. प्लग काढून मऊ ब्रशने झाडावं, मागे चार बोटं मोकळी सोडावीत. नव्या फ्रिजमध्ये जाळी बहुधा बाजूच्या पत्र्याआड असते. तिथे झाडायला काही नसतं, जागा मात्र लागतेच.