फाइलमधली ३१२ मिनिटे : निबंध कोणाचा, हे वर्ड सांगू शकते का?

आमच्याकडे निबंध स्पर्धेला दोन फाइली आल्या. एक नववीतल्या मुलीची, दुसरी दहावीतल्या मुलीची. परिच्छेदच्या परिच्छेद सारखे होते. दोघीही म्हणत होत्या, निबंध माझाच.

आमच्यातल्या एका सरांनी लगेच वर्डमध्ये File, मग Info उघडले. तिथे उजवीकडे फाइलची कुंडलीच दिसते. नववीच्या फाइलीत Total Editing Time ४ मिनिटे, फाइल तयार झाली १४ जानेवारीच्या रात्री आणि लेखकाच्या जागी Admin. दहावीच्या फाइलीत ३१२ मिनिटे, तारीख ३ जानेवारी आणि नाव तिच्या मोठ्या भावाचे. सर म्हणाले, "झालं की! नऊशे शब्द चार मिनिटांत कोण लिहितं? नववीचीनेच चोरलं." खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं.

पण ही मिनिटे नेमकी मोजतात काय? फाइल वर्डमध्ये उघडी राहिली तो वेळ. बोटे चालली की नाही, याचा हिशोब त्यात नसतो. फाइल उघडी ठेवून जेवायला गेलो तरी आकडा वाढू शकतो. उलट मजकूर दुसरीकडे लिहून वर्डमध्ये नुसता चिकटवला, तर आकडा दोन-चार मिनिटांचाच राहतो. उर्दू शाळांत हे नेहमीचे आहे. मजकूर इनपेजमध्ये किंवा मोबाइलवर टाइप होतो आणि शेवटी वर्डमध्ये येतो. शिवाय Save As करून नव्या नावाने फाइल ठेवली की वर्ड मिनिटे पुन्हा शून्यापासून मोजू लागते.

लेखकाचे नाव तर त्याहून कच्चे. ते लिहिणाऱ्याचे नसते. ज्या संगणकावर फाइल पहिल्यांदा तयार झाली, तिथल्या वर्डमध्ये जे नाव भरलेले असेल ते उतरते. सायबर कॅफेत Admin दिसणारच. जुनी फाइल उघडून त्यातच नवा मजकूर लिहिला, तर जुन्या मालकाचे नाव तसेच राहते, आणि जुनी तारीख व जुनी मिनिटेही सोबत येतात.

तारखेचीही एक गंमत आहे. वर्ड फाइलीच्या आत वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवते. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणून आतला कोड उघडून पाहणाऱ्याला १४ तारखेची संध्याकाळी सातची नोंद दिसली, तर आपल्याकडे तेव्हा १५ तारीख लागलेली असते. संगणकाचे घड्याळ चुकलेले असेल तर सगळीच नोंद चुकते. आणि नाव, तारीख, मिनिटे हे सगळे हाताने बदलताही येते.

आता आमच्या प्रकरणाकडे. स्पर्धेचा विषय आम्ही जाहीर केला होता १० जानेवारीला, आणि दहावीची फाइल ३ जानेवारीची! विषय कळण्याआधी सात दिवस निबंध सुरू कसा होईल? विचारल्यावर मुलीने सांगितले, भावाच्या प्रोजेक्टची फाइल होती, आतला मजकूर पुसून तिने त्यात निबंध टाइप केला. म्हणजे ३१२ मिनिटांतली भावाची किती आणि तिची किती, हे सांगायला काही मार्गच नव्हता. पण यावरून तिने चोरी केली असेही ठरत नाही, हे आम्ही सरांना दोनदा सांगितले.

मग ही माहिती निरुपयोगीच का? तसे नाही, ती बोट दाखवते. अमेरिकेत विचिटा शहरात 'बीटीके' नावाने ओळखला जाणारा खुनी २००५ साली असाच सापडला. त्याने पाठवलेल्या फ्लॉपीत पुसलेल्या वर्ड फाइलीचे अवशेष होते. त्यात एका चर्चचे नाव आणि 'डेनिस' एवढे होते. पोलीस त्यावरून डेनिस रेडरपर्यंत पोहोचले, पण फाइलीवर थांबले नाहीत. त्याच्या मुलीच्या नमुन्याशी डीएनए जुळवून पाहिला, मगच अटक केली.

दुसरा उपयोग माणसाचे बोलणे तपासायला होतो. "मी याच फाइलीत तीन दिवस बसून लिहिले" असे कोणी म्हटले आणि मिनिटे चारच निघाली, तर ते म्हणणे डळमळते. म्हणून आधी "कुठे, कशावर लिहिलंस?" हे विचारावे, आकडा नंतर पाहावा. आम्ही नेमके उलटे केले होते. तपासण्याआधी मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवावी. तीच उघडून सेव्ह केली तर शेवटचा बदल करणारा म्हणून आपलेच नाव चढते.

नववीच्या मुलीला आम्ही तेच विचारले. ती म्हणाली, "वहीत लिहिला, मग मोबाइलवर, मग कॅफेत." दुसऱ्या दिवशी वही आणली. खाडाखोड होती, एक परिच्छेद बाण काढून वर नेलेला होता, आणि दोन्ही फाइलींत नसलेली चार वाक्ये काट मारलेली होती. वहीच्या पानांचे फोटो तिने ज्या मैत्रिणीला पाठवले होते, ती दहावीच्या मुलीची शेजारीण निघाली. वही मधे ठेवल्यावर दहावीची मुलगी बराच वेळ गप्प राहिली, मग स्वतःच बोलली.