नव्या व्यवस्थापकाची पहिली चिठ्ठी

कचेरीत नवा व्यवस्थापक यावा आणि टेबलावर "उद्या मला भेटा" एवढीच चिठ्ठी यावी, की वाचणाऱ्यास प्रथम आठवते ती आपली एखादी चूक. म्हणून पहिल्या आठवड्यातील भेटीच्या चिठ्ठीत हेतू, वेळ आणि विषय ही तिन्ही स्पष्ट असावी लागतात.

समजा, हाताखाली आठ माणसे आहेत. सोमवारी सर्वांस एकाच मजकुराची चिठ्ठी जावी: "मंगळवार ते शुक्रवार रोज दोघांशी अर्धा अर्धा तास स्वतंत्रपणे बोलावे, असा विचार आहे. आपण काय काम पाहता, कोठे अडते आणि कोणती गोष्ट बदलू नये, एवढेच जाणून घ्यावयाचे आहे. ही कामाची परीक्षा नव्हे. सोयीची वेळ कळवावी." मजकूर एकच असल्याने कोणासही निवडून बोलावल्यासारखे वाटत नाही, आणि शेवटच्या प्रश्नामुळे तक्रार न करताही मनुष्य मोकळेपणी बोलू शकतो.

गुप्ततेचे सरसकट वचन मात्र देऊ नये. गैरवर्तनाची हकीकत कानी आली, तर ती पुढे कळविणे भाग पडते. आणि आठही जणांनी "सर्व ठीक आहे" असेच सांगितले, तर कचेरी निर्दोष ठरत नाही; विश्वास अद्याप बसलेला नाही, एवढेच त्यावरून समजावे.