शिष्यवृत्ती नूतनीकरण : एका पानाचं निवेदन

केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी वर्षाला किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. अनेक खासगी विश्वस्त संस्था याशिवाय एका पानाचं निवेदन मागतात. एखादं सत्र घसरलं असेल, तर त्याचा खुलासा इथेच करायचा असतो.

आधी प्रगती : समजा, देवळाली कॅम्पहून रोज नाशिकच्या कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थिनीची चार सत्रांची गुणसरासरी ७.२, ७.४, ५.६ आणि ७.५ आहे. चारही आकडे क्रमाने द्यावेत. तिसरा वगळला तरी गुणपत्रिकेत तो दिसतोच आणि मग बाकीच्या मजकुरावरही शंका येते.

मग खुलासा, चार-पाच ओळींत : ‘घरगुती अडचणींमुळे अभ्यास झाला नाही’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं : ‘सप्टेंबरमध्ये वडिलांची शस्त्रक्रिया झाली. तीन आठवडे मी रुग्णालयात होते. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं बुडाली आणि त्या विषयात एटीकेटी लागली. पुढच्या परीक्षेत तो विषय सुटला.’ कारणाच्या तारखा आणि घसरलेलं सत्र जुळायला हवं. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि सुधारित गुणपत्रिकेची प्रत जोडावी.

शेवटी पुढचं वर्ष : उरलेले विषय आणि रकमेचा वापर, म्हणजे फी, पास, पुस्तकं, एवढंच लिहावं.

मर्यादा : गुणांची अट लेखी असेल, तर निवेदनाने ती आपोआप शिथिल होत नाही. सवलतीची तरतूद आहे का, हे अर्जाआधीच विचारावं.