सर्वांत डावीकडचा बिट

मोठ्या क्रमवार यादीतलं नाव शोधायचं तर आपण यादी मधोमध उघडतो, हवं ते नाव अलीकडे की पलीकडे ते पाहतो आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच करतो. संगणकातला ‘बायनरी सर्च’ हाच. जावा या भाषेसोबत मिळणाऱ्या तयार सर्चमध्ये एक चूक सुमारे नऊ वर्षं दडून होती. तो सर्च ज्यांनी लिहिला त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली ती चूक जाहीरपणे सांगितली. चूक होती मध्य काढणाऱ्या या ओळीत:

```
int mid = (low + high) / 2;
```

गणित शाळकरी आहे: दोन टोकांची बेरीज भागिले दोन. मग बिघडलं कुठे?

जावातला `int` ३२ बिटांचा, म्हणजे ०-१ च्या ३२ घरांचा असतो. सोयीसाठी आठच घरं घेऊ. उजवीकडून त्यांच्या किमती १, २, ४, ८ अशा दुपटीनं वाढत ६४ पर्यंत जातात. आठवं, सर्वांत डावीकडचं घर मात्र वेगळं आहे. त्याची किंमत उणे १२८, म्हणजे तिथे १ आला की तेवढं कर्ज मांडलं गेलं. म्हणून ११११1००० हे उणे १२८ अधिक १२०, म्हणजे उणे ८. ऋण संख्या संगणक अशीच साठवतो.

आता सगळे बिट एक घर उजवीकडे सरकवू. याला शिफ्ट म्हणतात. धन संख्येत त्यामुळे प्रत्येक बिटाची किंमत निम्मी होते, म्हणून शिफ्ट म्हणजे स्वस्तातला दोननं भागाकार. पण डावीकडे जे घर रिकामं होतं, त्यात काय भरायचं? जावाकडे दोन उत्तरं आहेत. `>>` तिथे आधीचंच चिन्ह पुन्हा भरतो: उणे ८ चे होतात उणे ४. `>>>` तिथे नेहमी शून्य भरतो: कर्जाचा बिट आता साधा ६४ चा बिट बनतो आणि आठ घरांत उत्तर येतं १२४.

ऋण संख्येसाठी `>>` वापरला तरी दोन गोष्टी जपायला हव्यात. उणे ७ ला `/ 2` नं भागलं तर जावा उणे ३ देतो, पण `>> 1` उणे ४ देतो, कारण शिफ्ट नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो. आणि उणे १ कितीही वेळा सरकवला तरी उणे १ च राहतो. ‘शून्य होईपर्यंत सरकव’ असं लिहिलेलं चक्र मग कधी थांबतच नाही.

आता पुन्हा त्या सर्चकडे. `int` मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ आहे. समजा low १५० कोटी आणि high २०० कोटी. बेरीज ३५० कोटी, ती मावत नाही. शेवटचा हातचा सर्वांत डावीकडच्या घरात जाऊन बसतो आणि संगणक बेरीज उणे ७९,४९,६७,२९६ अशी वाचतो. तिचं निम्मं उणे ३९,७४,८३,६४८. यादीत असा क्रमांकच नसतो, म्हणून प्रोग्राम कोसळतो. एवढ्या मोठ्या याद्या पूर्वी कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे चूक उघडी पडली नाही.

गंमत अशी की ३२ बिट मात्र अगदी बरोबर होते. चुकत होतं ते डावीकडच्या बिटाचं वाचन. म्हणून दुरुस्ती एवढीच झाली:

```
int mid = (low + high) >>> 1;
```

`>>>` त्या बिटाला कर्ज मानत नाही, आणि उत्तर नेमकं १७५ कोटी येतं. दोन्ही टोकं धन असल्यामुळे त्यांची बेरीज बिनचिन्हाच्या ३२ बिटांत नेहमीच मावते, म्हणून ही युक्ती इथे निर्धास्त चालते. टोकं ऋण असू शकत असतील तर चालणार नाही.

हाच बिट आणखी एका प्रसिद्ध युक्तीला चकवतो. एखादी संख्या दोनचा घात आहे का, म्हणजे १, २, ४, ८ या मालिकेतली आहे का, हे असं तपासतात:

```
n > 0 && (n & (n - 1)) == 0
```

`&` दोन संख्यांचे बिट घरोघर जुळवतो आणि दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवतो. दोनच्या घातात एकच १ असतो. १६ म्हणजे १००००, त्यातून एक वजा केला की ०११११. सामाईक १ एकही नाही, उत्तर शून्य. १२ म्हणजे ११०० आणि ११ म्हणजे १०११. यांत एक १ सामाईक उरतो, म्हणून १२ नापास.

मग सुरुवातीला `n > 0` कशाला? एक तर शून्य फुकट पास होतो. दुसरी आहे `int` मधली सर्वांत लहान संख्या, उणे २१४,७४,८३,६४८. तिच्यात एकच १ असतो, तोही सर्वांत डावीकडे. तिच्यातून एक वजा केला की संख्या उलटून सर्वांत मोठी धन संख्या होते, सामाईक बिट एकही उरत नाही आणि ही ऋण संख्या दोनचा घात ठरते. ते `n > 0` म्हणजे आधी डावीकडचं घर पाहून घेणं.